साहेबाचा राग आणि रजिस्टरातली वजनं

थोडं लांब लिहितोय, सवडीने वाचा.

मार्च 2021 मध्ये मेळघाटातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आयुष्य संपवलं. मागे ठेवलेल्या पत्रांत त्यांनी वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाबद्दल लिहिलं होतं. तेव्हा आपल्याकडेही चहाच्या टपरीपासून पंचायत समितीपर्यंत सगळीकडे तीच चर्चा होती. पण ती ऐकताना मला एक गोष्ट खटकायची. प्रत्येक जण दुसऱ्या कुणाच्या तरी साहेबाबद्दल बोलत होता. ज्यांच्या हाताखाली दहा-वीस माणसं आहेत असे कितीतरी लोक त्या चर्चेत होते, पण "मी माझ्या माणसांशी कसा बोलतो?" असं म्हणणारा एकही भेटला नाही.

असं म्हणणारा एक माणूस मी त्याच्या आधी पाहिला होता, इथेच, आहुपे खोऱ्यात. मी त्यांच्या हाताखाली हिशेब आणि रजिस्टरं सांभाळायचो. त्यांना विचारूनच लिहितोय. त्यांची एकच अट होती, नाव टाकू नको. संस्थेचंही नाव टाकत नाही. ओळखीचे लोक अंदाज बांधतील, त्यांनी तो आपल्यापाशीच ठेवावा.

काम असं होतं. डिंभ्याच्या वर आहुप्यापर्यंतच्या वाड्यावस्त्यांवर पाच वर्षांखालच्या मुलांचं दर महिन्याला वजन करायचं, दंडाचा घेर मोजायचा आणि खंगलेलं मूल दिसलं की त्याला उपचारापर्यंत पोचवायचं. आठ कार्यकर्त्या, सगळ्या इथल्याच, कुणी महादेव कोळी तर कुणी ठाकर. दंडाला लावायची ती रंगीत पट्टी बऱ्याच जणांनी अंगणवाडीत पाहिली असेल. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला की लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषण. साडेअकरा ते साडेबारा पिवळा. त्याच्या वर हिरवा. काम ऐकायला सोपं वाटतं. पावसाळ्यात धुक्यातून काटा पाठीवर घेऊन वाडीवर चढायचं, तिथे आई आवणीला गेलेली, मूल आजीच्या कडेवर रडतंय, अशात ते करून पाहावं मग कळतं.

सर मनाने वाईट नव्हते, हे आधीच सांगतो. आम्हाला वाईट साहेब म्हटलं की सिनेमातला खलनायकच दिसतो, म्हणून सांगितलं. चौदा वर्षं या भागात काढलेली. जुलैच्या पावसात मोटारसायकलवरून आजारी मूल आणि त्याच्या आईला घोडेगावला घेऊन जाणारा माणूस. पहिली काही वर्षं त्यांचा कडकपणा सगळ्यांना आवडायचा, कारण तो कामाबद्दल असायचा. मग काम वाढलं, पैसे देणाऱ्यांचे अहवाल तिमाहीचे होते ते महिन्याचे झाले, आणि सरांचा आवाज हळूहळू चढत गेला. कुठल्या दिवसापासून ते सांगता येणार नाही. दूध कधी नासलं ते जसं कळत नाही तसं.

दर महिन्याच्या बैठकीत रजिस्टरं वाचली जायची. एखाद्या बाईच्या वाडीत लाल मूल निघालं की सर सगळ्यांसमोर म्हणायचे, "अगं ए, तू तिथे करतेस काय? पगार कशाचा घेतेस?" रकाना कोरा दिसला तर त्याहून वाईट. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर रात्री दहाला नावं पडायची, "खालील ताईंना काम करायचं नसेल तर त्यांनी सांगावं." आता आहुप्याला त्या काळी रेंजसाठी लोक ठरावीक दगडावर जाऊन उभे राहायचे. मेसेज सकाळी पोचायचा, तोवर बाकीच्या सातजणींनी तो वाचलेला असायचा.

या सगळ्याचं काय होतं ते आम्हाला एका मुलीमुळे कळलं.

वीस महिन्यांची पोर. रजिस्टरात तिची तीन महिन्यांची वजनं होती आठ किलो चारशे, आठ सहाशे, आठ आठशे. दंडाचा घेर तिन्ही वेळा हिरव्यात. सर एका कामासाठी त्या वाडीवर गेले होते, आजीने पोरीला पुढे केलं. सरांनी जवळचा काटा लावला. सात किलो तीनशे पन्नास. दंडाला पट्टी लावली, अकरा पूर्णांक दोन. लाल.

रजिस्टर नीट बघितलं असतं तर ते कागदावरही दिसलं असतं. आमचा काटा पन्नास ग्रॅमपर्यंत दाखवायचा. खरी वजनं घेतली की आकड्यांच्या शेवटी कधी पन्नास येतं, कधी शून्य. मूल एखाद्या महिन्यात वाढतं, जुलाब झाले की घटतं. इथे मात्र दर महिन्याला बरोब्बर दोनशे ग्रॅम, पायऱ्या बांधल्यासारखी. नंतर बाकीची रजिस्टरं त्याच नजरेने पाहिली तर अशी पायऱ्यांची मुलं एकाच वाडीत नव्हती. मुलं अशी वाढत नाहीत. ते आकडे लिहिणाऱ्याच्या भीतीने वाढत होते.

त्या कार्यकर्तीला बोलावलं. सर तिला काढून टाकणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. तिने रडारड केली नाही. म्हणाली, "सर, ती पोर दिवाळीनंतर आईसंगं नारायणगावला मजुरीला गेली व्हती. वजन कुठून घेऊ? कोरं ठेवलं का तुम्ही बोलता. परत आल्यावर बारीक दिसली. पण लाल लिवलं का तुम्ही त्याहून बोलता. मंग म्या चांगला आकडा लिवला."

सर काहीच बोलले नाहीत. पोरीला त्याच दिवशी घोडेगावला नेलं. ती वाचली, आता शाळेत जाते. तिची गोष्ट इथे संपते. पुढची सरांची.

त्या बाईचं म्हणणं नीट वाचा, कारण सगळं त्यात आलंय. आमच्या बैठकीत तीन प्रकारच्या नोंदी येऊ शकत होत्या, हिरवी, लाल आणि कोरी. त्यातल्या दोन प्रकारच्या नोंदींना शिक्षा होती. मग राहिलं काय? खरं सांगणं हाच गुन्हा झाला होता. आणि ज्या कामासाठी आम्ही होतो ते कामच मुळी लाल मूल शोधण्याचं होतं.

चार दिवसांनी सरांनी मला ऑफिसात थांबवून घेतलं. म्हणाले, "मला माझे सहा महिन्यांचे मेसेज बघायचेत. तू शेजारी बस. मी एकटा बघितलं तर स्वतःला माफ करीन." हे वाक्य मला फार मोलाचं वाटलं. स्वतःची तपासणी म्हणजे डोळे मिटून विचार करणं असा आपला समज असतो. पण डोळे मिटले की आपल्याला आपला हेतू आठवतो, आपलं वागणं आठवत नाही. "मी मुलांसाठीच बोललो" हे सरांना मनापासून खरं वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतंही. म्हणून त्यांनी वहीत रकाने पाडले त्यात हेतूचा रकानाच ठेवला नाही. तारीख, कुणाला, कोणते शब्द, तेव्हा आणखी कोण ऐकत होतं, आणि त्यानंतर त्या माणसाने काय केलं. बस. मी आठवणीने बैठकांमधलं भर घालत होतो, कारण बैठकीतलं बोलणं फोनमध्ये नसतं.

दोन संध्याकाळी गेल्या. पहिल्या संध्याकाळी ते प्रत्येक ओळीला कारण सांगत होते. हिने आधी तीनदा तसंच केलं होतं, त्या दिवशी वरून फोन आला होता, वगैरे. मी म्हटलं, "सर, कारणाचा रकाना नाहीये." मग ते लिहीत गेले.

दुसऱ्या संध्याकाळी "कुणाला" हा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला तेव्हा ते गप्प झाले. सर नेहमी म्हणायचे, माझा स्वभाव तापट आहे, पण मनात काही नसतं. मात्र त्या रकान्यात पैसे देणाऱ्या संस्थेच्या साहेबांचं नाव एकदाही नव्हतं, आणि त्यांनी तर दोनदा निधी उशिरा पाठवला होता. गाडीवाल्याचं नव्हतं, तो परस्पर भाडं मारायचा. माझं नाव दोन ठिकाणी होतं, तेही चौघांसमोर नाही. उरलेली जवळजवळ सगळी नावं त्या आठ बायकांची, आणि त्यातही दोघी-तिघींची परत परत. ज्या उलट बोलत नाहीत, ज्यांच्या घरात दुसरा पगार नाही, त्यांची. एकच चूक, महिनाअखेरीस रजिस्टर उशिरा देणं. एका शिकलेल्या मुलीने केली तेव्हा "जरा बघा" आणि ठाकरवाडीतल्या ताईने केली तेव्हा "अक्कल गहाण ठेवली का?"

स्वभाव असता तर तो सगळ्यांवर सारखाच निघाला असता. हा राग माणूस बघून निघत होता. सर स्वतःच म्हणाले, "हा तापटपणा नाही रे. मला कुठे चालतं ते मला बरोबर माहीत होतं."

संबोधनांचंही तसंच. पुरुषांना तुम्ही, भाऊ. बायकांना ए, तू, अगं. वयाने मोठ्या बाईलासुद्धा. आपल्याकडे प्रेमाने तू म्हणतात हे खरं, पण प्रेमाचं तू आणि हुकमाचं तू ऐकणाऱ्याला बरोबर वेगळं कळतं.

अमेरिकेत बेनेट टेपर नावाच्या अभ्यासकाने 2000 साली वरिष्ठांच्या अशा वागण्याची एक प्रश्नावली तयार केली. त्यात हात उगारणं वगैरे काही नाही. चारचौघांत कमी लेखणं, जुन्या चुका परत परत उकरणं, दुसऱ्याचा राग हाताखालच्यावर काढणं, कष्टांचं श्रेय न देणं, अबोला धरणं, असल्या पंधरा गोष्टी आहेत. त्याच्या दृष्टीने एखाद्या दिवशी आवाज चढणं म्हणजे छळ नव्हे, ते सतत चालू राहिलं की छळ. आणि मला महत्त्वाचं वाटलं ते असं की हे प्रश्न साहेबाला विचारायचे नसतात, हाताखालच्यांना विचारायचे असतात.

ते विचारणं मात्र आमच्याकडे अवघड गेलं. शहरातल्या कंपन्यांत म्हणे निनावी फॉर्म भरून घेतात. आठ माणसांत निनावी काय असणार? अक्षर ओळखू येतं, बोलण्याची ढब ओळखू येते. सरांनी पहिल्यांदा बैठकीतच विचारलं, "माझं काही चुकतं का?" सगळ्या म्हणाल्या, "नाही सर." ज्याच्या हातात पगार आहे त्याने समोर बसून विचारलं तर दुसरं उत्तर येणारच नाही, आणि बरेच साहेब या उत्तरावर खूश होऊन घरी जातात. शेवटी भागातले एक निवृत्त गुरुजी, ज्यांचा संस्थेशी काही संबंध नव्हता, ते प्रत्येकीच्या घरी जाऊन बोलले. त्यांनी सरांना नावं किंवा प्रसंग दिले नाहीत, फक्त दोनपेक्षा जास्त जणींनी सांगितलेल्या गोष्टी तोंडी सांगितल्या. त्यातली एक सरांच्या वहीत कुठेच नव्हती. सर रजिस्टर वाचताना काही न बोलता पान जोरात उलटायचे, त्या आवाजाला बायका सगळ्यात जास्त भ्यायच्या. स्वतःच्या वहीला मर्यादा असते ती अशी. जे आपल्याला बोलणंच वाटत नाही ते आपण लिहिणार कसं?

माफी त्यांनी बैठकीत मागितली, कारण अपमान बैठकीत झाले होते. एकेकीला बाजूला घेऊन नाही. काय केलं ते शब्दांसकट सांगितलं, "पण" हा शब्द वापरला नाही आणि कुणाकडून उत्तर मागितलं नाही. एका ताईने त्यानंतरही काम सोडलं. तिने कारण दिलं नाही आणि सरांनी तिला थांबवायला माणूस पाठवला नाही, हेही बरं केलं. माफी मागितली म्हणजे समोरच्याने ती घेतलीच पाहिजे हीसुद्धा एक जबरदस्तीच असते.

मग बदललं काय? खरं तर फार थोड्या गोष्टी. ग्रुपवर कुणाचं नाव घेऊन चूक टाकायची नाही, एकटीला फोन करायचा. रजिस्टरात "स्थलांतर" आणि "भेट झाली नाही" असे दोन खुणांचे शब्द आले, म्हणजे कोरा रकाना हा गुन्हा राहिला नाही. तीसुद्धा माहितीच होती. पोर नारायणगावला गेली हे वेळेवर कळलं तर परत आल्या दिवशी तिचं वजन घेता येतं. आणि लाल मूल सांगितलं की पुढचं काम सरांचं. दोन दिवसांत गाडीची सोय, आईला समजावणं, दवाखान्यात सोबत. आधी वाईट बातमी आणणारीच्या डोक्यावर ओझं वाढायचं, आता ते कमी व्हायला लागलं. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक याने पडला, गोड बोलण्याने नाही. सर काही गोड बोलायला शिकले नाहीत, त्यांना ते जमतही नाही.

कडकपणा गेला असं समजू नका. खोटी नोंद आधी खपत होती, ती आता खपेनाशी झाली. महिन्याला प्रत्येक वाडीतल्या पाच मुलांची वजनं सर दुसऱ्यांदा घ्यायचे, कार्यकर्ती सोबत असताना, आणि दोन्ही आकडे शेजारी लिहायचे. फरक दिसला की पहिला प्रश्न, "काटा शून्यावर होता का? अंगात कपडे होते का?" आधी पहिलाच प्रश्न माणसावर असायचा.

तिसऱ्या महिन्यात सर घसरले. अहवालाची शेवटची तारीख, वीज नाही, आणि एका रजिस्टरात बेरीज चुकलेली. आवाज चढला, पान उलटलं, तस्संच. त्यासाठी आधी ठरलं होतं की कुणीही "सर, चहा" म्हणायचं आणि बैठक दहा मिनिटं थांबायची. सगळ्या खाली बघत बसल्या. म्हणाली ती, जिने खोटं वजन लिहिलं होतं ती. सर उठून बाहेर गेले, परत आले, बेरीज स्वतः केली. त्या रात्री ती ओळसुद्धा वहीत गेली, तारखेसकट.

आता अडचणीची बाजू. सहा महिन्यांत आमच्या रजिस्टरातली लाल मुलं दोनाची सात झाली. पैसे देणाऱ्यांचं पत्र आलं, तुमच्या भागात कुपोषण वाढलंय, खुलासा करा. म्हणजे सरांनी दाब काढला आणि तोच दाब वरून परत आला. अशा वेळी बहुतेक साहेब तो खाली ढकलतात, तसंच तर सगळं सुरू झालं होतं. सरांनी खुलाशात लिहिलं की मुलं तेवढीच आहेत, आता दिसायला लागली आहेत. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेला नव्वदच्या दशकात रुग्णालयांत असंच आढळलं होतं. जिथे परिचारिकांचं आपसात आणि वरिष्ठांशी चांगलं होतं तिथे औषधांच्या चुका जास्त नोंदल्या जात होत्या. चुका जास्त होत होत्या म्हणून नव्हे, सांगायची भीती नव्हती म्हणून. हा दाखला मीच शोधून खुलाशाला जोडला होता. साहेबांनी तो वाचला का माहीत नाही. निधी पुढच्या वर्षी कमी झाला.

कायद्याकडून इथे फारशी मदत नाही. 2013 चा कायदा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासाठी आहे. जात काढून अपमान केला तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. पण नुसतं रोज चारचौघांत घालूनपाडून बोलणं यात बसत नाही, आणि मानधनावरच्या बाईने तक्रार करायची तर ती त्याच साहेबाकडे जाते. आशाताई, अंगणवाडीताई, रोजगार सेवक, आश्रमशाळेतले रोजंदारीवरचे शिक्षक, वनखात्यातले हंगामी मजूर, यांच्यातल्या किती जणांना हे सांगायला जागा आहे ते तुम्हीच मोजा.

संस्थेचं काम या खोऱ्यात नंतर थांबलं. सर दुसऱ्या जिल्ह्यात असतात. मागच्या महिन्यात फोन झाला तेव्हा विचारलं, वही चालू आहे का? म्हणाले, आहे, पण आता नवीन ठिकाणच्या एका ताईकडे दिलीय, महिन्यातून एकदा तीच लिहिते आणि मला वाचून दाखवते. काय लिहिते, असं मी विचारलं तर म्हणाले, "मागच्या वेळी पान उलटल्याचं लिहिलं होतं."